एका डिस्कला एकच मालक

बहुतेक घरांत एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते आणि ती हवी असते तेव्हा भलत्याच लॅपटॉपला लावलेली असते. लग्नाचे फोटो तिच्यात, मुलांच्या शाळेची कागदपत्रे तिच्यात, कधीतरी उतरवून ठेवलेले सिनेमेही तिच्यातच. एकाला फोटो पाहायचे असतील तर दुसऱ्याला काम थांबवून डिस्क काढून द्यावी लागते. त्याच घरात राउटर मात्र पाच फोन आणि तीन लॅपटॉपना एकाच वेळी इंटरनेट पुरवत असतो आणि प्रिंटरही सगळ्यांना मिळून एकच पुरतो. मग डिस्कचेच काय अडते? एका टोकाला डिस्क आणि दुसऱ्या टोकाला दोन यूएसबी पिना अशी वायर करून ती दोन लॅपटॉपना लावता का येत नाही?

अशी वायर केली आणि वीजजोडणी सांभाळली, तरी डिस्कवरच्या मजकुराची काही तासांत वाट लागेल. तसे का होते हे एकदा कळले की फाइल सर्व्हर ही काय चीज आहे आणि तो थोड्या किमतीच्या छोट्या संगणकावर कसा चालतो, हेही उलगडते.

दोन संगणक, एक नकाशा

डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान कप्प्यांची लांबलचक रांग. कोणत्या फाइलचे तुकडे कोणत्या कप्प्यांत आहेत आणि कोणते कप्पे रिकामे आहेत याची नोंद डिस्कवरच एका ठिकाणी असते. या नोंदपद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ext4, कॅमेऱ्याच्या कार्डावरची एक्सफॅट ही त्यांतली ठळक नावे.

डिस्क जोडली की संगणक ही नोंद वाचतो आणि तिचा बराचसा भाग स्वतःच्या मेमरीत ठेवतो. प्रत्येक वेळी डिस्कवर जाऊन विचारणे फार संथ पडेल, म्हणून तो त्या प्रतीवर विश्वासून काम करतो. आता दोन संगणक एकाच डिस्कला थेट जोडले आहेत असे समजा. दोघांच्याही मेमरीतल्या नकाशात कप्पा क्रमांक 5000 रिकामा आहे. पहिल्याने तिथे फोटो लिहिला. दुसऱ्याला ते कळायला काही मार्गच नाही, म्हणून त्याने त्याच कप्प्यात पावती लिहिली. फोटोचा मधला भाग गेला. पुढे दोघे आपापला नकाशा डिस्कवर परत लिहितात आणि नंतर लिहिणारा आधीच्याची नोंद पुसून टाकतो. नेहमीच्या फाइल सिस्टिम एकाच मालकाच्या गृहीतावर बांधलेल्या असतात, वायर कितीही चांगली असली तरी.

उपाय जुनाच आहे. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक गल्ल्यामागे जाऊन स्वतः डबे उघडत नाही. ते मागते आणि वाणी काढून देतो. कोणत्या डब्यात किती माल उरला आहे हे एकट्या वाण्याला ठाऊक असते, म्हणून दहा गिऱ्हाइके एकदम आली तरी हिशेब चुकत नाही. फाइल सर्व्हर म्हणजे डिस्कचा असा एकच मालक. डिस्क त्या एका संगणकाला कायमची जोडलेली असते. बाकीचे संगणक आणि फोन नेटवर्कवरून त्याच्याकडे नावाने फाइल मागतात किंवा ठेवायला देतात, आणि कप्प्यांचे क्रमांक त्यांना कधी कळतही नाहीत. दोघांनी एकच वर्ड फाइल उघडली तर दुसऱ्याला ‘ही फाइल वापरात आहे’ अशी सूचना मिळते, तीही या एका मालकामुळेच.

या कामाला ताकद फार लागत नाही. मागणी ऐकायची, डिस्कवरून वाचायचे, नेटवर्कवर ढकलायचे, एवढेच. म्हणून पत्त्यांच्या जोडाएवढा संगणकही ते करू शकतो.

कोणता बोर्ड?

एकाच पाटीवर प्रोसेसर, मेमरी, यूएसबी आणि नेटवर्कची जोडणी असलेल्या संगणकाला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. त्यांतला सर्वांत परिचित रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये, मुलांना प्रोग्रॅमिंगकडे वळवण्याच्या हेतूने तो तयार झाला आणि 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीस आला. घरोघरच्या हौशी लोकांनी त्याला पुढे भलत्याच कामांना जुंपले. फाइल सर्व्हर हे त्यांतले बहुधा सर्वांत सरळ काम.

पण सगळे पाय या कामाला सारखे नाहीत, आणि फरक प्रोसेसरच्या वेगात नाही. तो बोर्डाच्या आतल्या जोडणीत आहे. सुरुवातीच्या मॉडेल बी पासून पाय 3 पर्यंत नेटवर्कची पोर्ट स्वतंत्र नव्हती. ती बोर्डावरच्या यूएसबी 2.0 च्या चिपमधून निघत असे. म्हणजे डिस्कवरून आलेली प्रत्येक फाइल यूएसबीने आत यायची आणि त्याच यूएसबीने बाहेर पडायची. शिवाय ती नेटवर्क पोर्ट 100 मेगाबिटची होती. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे कागदावर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि प्रत्यक्षात अकराच्या आसपास. डिस्क कितीही वेगवान घेतली तरी हा आकडा हलत नाही.

2018 च्या पाय 3 बी प्लसमध्ये गिगाबिटची चिप आली, पण तीही यूएसबी 2.0 मागेच होती, म्हणून तिची धाव साधारण 300 मेगाबिटवर थांबे. खरा बदल जून 2019 मधल्या पाय 4 ने केला. त्यात नेटवर्क प्रोसेसरला थेट जोडले गेले आणि दोन यूएसबी 3.0 पोर्ट वेगळ्या मार्गाने आल्या. आता डिस्क आणि नेटवर्क एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि सेकंदाला 100 ते 110 मेगाबाइट मिळू शकतात. साध्या फिरत्या डिस्कचीही धाव साधारण तेवढीच असते.

एक उदाहरण घेऊ. सहलीहून आलेले 64 गिगाबाइटचे कॅमेऱ्याचे कार्ड लॅपटॉपमधून सर्व्हरवर टाकायचे आहे. पाय 3 वर अकराच्या वेगाने त्याला सुमारे 97 मिनिटे लागतील. पाय 4 वर 110 च्या वेगाने दहा मिनिटांच्या आत काम उरकते. मात्र घरातली फक्त कागदपत्रे ठेवायची आणि टीव्हीवर एखादा सिनेमा पाहायचा असेल, तर ड्रॉवरमध्ये पडलेला जुना पाय 3 पुरेसा आहे. फुल एचडी सिनेमाला सेकंदाला एक-दोन मेगाबाइटहून क्वचितच जास्त लागतात. मेमरी 1 किंवा 2 गिगाबाइट असली तरी भागते. आठ गिगाबाइटचा बोर्ड घेणे म्हणजे या कामापुरता पैसा वाया घालवणे.

पाय 4 घेऊनही वेग अकराच दिसला, तर दोष बहुतेक वेळा बोर्डाबाहेर असतो. स्वस्त राउटरच्या मागच्या पोर्ट पुष्कळदा 100 मेगाबिटच्याच असतात. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात; एखादी तुटली की जोडणी गुपचूप 100 वर उतरते. हे पायवरच तपासता येते:

```
cat /sys/class/net/eth0/speed
```

उत्तर 1000 आले तर ठीक. 100 आले तर आधी केबल बदलून पाहावी, मग राउटरकडे वळावे. आणि पाय वायफायवर ठेवू नये. पाय वायफायवर, लॅपटॉपही वायफायवर असे असले की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, आणि दोन्ही वेळा राउटरचा तोच वेळ खाते. पाय राउटरशेजारी ठेवून वायरने जोडला की निम्मा प्रश्न सुटतो. लॅपटॉप आणि फोन खुशाल वायफायवर राहू द्यावेत.

टक-टक आवाजाचे मूळ

या खटाटोपात सर्वाधिक लोक अडतात ते सॉफ्टवेअरपाशी नव्हे, विजेपाशी. खिशात मावणाऱ्या अडीच इंची एक्स्टर्नल डिस्कला वेगळा अॅडॉप्टर नसतो; ती यूएसबीमधूनच वीज घेते. स्थिर फिरत असताना तिची भूक माफक असते, पण थांबलेली तबकडी फिरू लागते त्या एक-दोन सेकंदांत ती एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. पाय 4 च्या चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देऊ शकतात. एका डिस्कपुरते हे जेमतेम जमते. दुसरी तशीच डिस्क लावली की हिशेब कोलमडतो.

त्यात पायला जुन्या फोनचा चार्जर लावलेला असतो. पाय 4 ला 5 व्होल्टला 3 अँपिअर देणारा अॅडॉप्टर लागतो. कंपनीचा अधिकृत अॅडॉप्टर मुद्दाम 5.1 व्होल्टचा असतो, कारण बारीक, लांब केबलमध्ये थोडा दाब वाटेतच खर्ची पडतो. बोर्डापाशी तो 4.63 व्होल्टच्या खाली गेला की पाय ‘वीज अपुरी’ अशी नोंद करतो आणि गरज पडल्यास स्वतःचा वेग कमी करतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसते. सर्व्हरला पडदा नसतो, म्हणून ते कुणाला दिसत नाही. डिस्क मात्र आपल्या परीने सांगत असते: टक-टक आवाज करत ती फिरण्याचा प्रयत्न सोडून देते, किंवा मोठी फाइल कॉपी होताना मध्येच गायब होऊन दोन सेकंदांनी परत येते. माणूस ‘डिस्क गेली’ म्हणून नवी आणतो, आणि नवीही तसेच करते.

> चौकट: पायला विचारा
>
> ```
> vcgencmd get_throttled
> ```
>
> उत्तर `throttled=0x0` असेल तर चालू झाल्यापासून वीज कधीच कमी पडलेली नाही. `0x50000` म्हणजे मध्यंतरी कमी पडली होती आणि त्यामुळे वेगही घटवावा लागला, आता सगळे ठीक आहे. `0x50005` म्हणजे या क्षणीही कमी पडते आहे. ही तपासणी डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असतानाच करावी. पाय निवांत बसलेला असताना तो नेहमीच निरोगी दिसतो.

यावर दोनच भरवशाचे उपाय आहेत. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा, म्हणजे डिस्कची भूक हब भागवतो. किंवा मुळातच साडेतीन इंची मोठी डिस्क घ्यावी. ती 12 व्होल्टच्या वेगळ्या अॅडॉप्टरवर चालते आणि पायकडून वीज मागतच नाही. ती टेबलावर थोडी जागा खाते, पण कायम चालू राहणाऱ्या सर्व्हरला दुसरा पर्याय अधिक शोभतो.

डिस्क लिनक्सच्या स्वाधीन

पायवर रास्पबेरी पाय ओएस नावाचे लिनक्स चालते. ते मेमरी कार्डवर चढवण्यासाठी ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्यावा. त्यात ‘लाइट’ आवृत्ती निवडावी. सर्व्हरला चित्रमय पडदा लागत नाही. कार्ड लिहिण्याआधी इमेजर काही गोष्टी विचारतो: संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, आणि दुरून लॉगिन करण्याची एसएसएच सोय चालू करायची का. नाव `gharpi` आणि वापरकर्ता `ghar` असे ठेवले समजू. कार्ड पायमध्ये घालून चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत लॅपटॉपवरून आत जाता येते:

```
ssh ghar@gharpi.local
```

आता डिस्क. दुकानातून आलेली डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये असते. लिनक्सला दोन्ही वाचता-लिहिता येतात, म्हणून पुष्कळजण ती तशीच वापरतात. महिनाभर सगळे सुरळीत चालते. मग एकदा वीज जाते आणि डिस्क ‘अस्वच्छ’ म्हणून लिहू देईनाशी होते. एनटीएफएसची नीट दुरुस्ती विंडोजच करू जाणे; त्यासाठी डिस्क काढून लॅपटॉपला लावावी लागते. एक्सफॅटचे दुखणे वेगळे आहे. तिच्यात जर्नल नसते.

जर्नल म्हणजे फाइल सिस्टिमची कच्ची वही. नकाशात बदल करण्याआधी ‘मी अमुक करणार आहे’ असे ती तिथे लिहून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा चालू झाल्यावर अर्धवट राहिलेली नोंद पाहून ती काम पुरे करते किंवा सोडून देते. नकाशा शाबूत राहतो. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात चालायच्या सर्व्हरसाठी हा गुण चैनीचा म्हणता येणार नाही. म्हणून डिस्क ext4 मध्ये घ्यावी. आधी तिच्यातला मजकूर दुसरीकडे हलवावा, कारण पुढची दुसरी आज्ञा सगळे पुसते:

```
lsblk -f
sudo mkfs.ext4 -L gharsatha /dev/sda1
```

पहिली आज्ञा जोडलेल्या डिस्क दाखवते. आकार पाहून `sda1` हीच आपली डिस्क आहे याची खात्री करूनच दुसरी द्यावी. ext4 चा एक तोटा मान्य करायला हवा: पाय बंद पडला तर ही डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावून सरळ वाचता येत नाही. दुसरा पाय किंवा पेन ड्राइव्हवरून चालू केलेले लिनक्स हाताशी असावे लागते.

डिस्क दर वेळी आपोआप आणि त्याच जागी जोडली जावी म्हणून `/etc/fstab` या फाइलमध्ये एक ओळ घालतात:

```
UUID=xxxx-xxxx  /srv/ghar  ext4  defaults,noatime,nofail  0  2
```

`/srv/ghar` हे रिकामे फोल्डर आधी `sudo mkdir` ने तयार करायचे असते. यूयूआयडी हा डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक. `lsblk -f` मध्ये तो दिसतो. `sda1` हे नाव इथे वापरू नये, कारण उद्या दुसरी डिस्क लावल्यावर ते तिला मिळू शकते. `nofail` म्हणजे डिस्क सापडली नाही तरी पुढे जा. तो शब्द नसेल तर डिस्क न मिळालेला पाय चालू होता होता अडून बसतो, आणि पडदा नसल्यामुळे घरच्यांना फक्त ‘सर्व्हर दिसत नाही’ एवढेच कळते.

पण `nofail` सोबत एक लबाड बिघाड येतो. डिस्क जोडली गेली नाही तरी `/srv/ghar` हे फोल्डर मेमरी कार्डवर असतेच. त्यात लिहिलेल्या फाइली मग कार्डवर जाऊन पडतात. आठवडाभर सगळे ठीक दिसते, जुने फोटो तेवढे ‘गायब’ असतात, आणि एक दिवस कार्ड भरून पाय ठप्प होतो. ओळखायची खूण सोपी आहे: `df -h /srv/ghar` ही आज्ञा दोन टेराबाइटऐवजी कार्डाचा 32 गिगाबाइट आकार दाखवते. टाळणे त्याहून सोपे. डिस्क जोडण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला कुलूप लावावे, मग ती जोडावी आणि आत फोल्डर करावे:

```
sudo chattr +i /srv/ghar
sudo mount /srv/ghar
sudo mkdir /srv/ghar/photo
sudo chown ghar: /srv/ghar/photo
```

पहिल्या ओळीमुळे डिस्कशिवायच्या मोकळ्या फोल्डरमध्ये कुणालाच काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली गेली की ती त्या फोल्डरवर बसते आणि लिहिणे सुरू होते.

सांबा: मागणी ऐकणारा

डिस्क पायच्या ताब्यात आली. आता विंडोज, मॅक आणि फोन ज्या भाषेत फाइल मागतात ती पायला यायला हवी. त्या भाषेचे नाव एसएमबी. विंडोजचे नेटवर्क फोल्डर तिच्यावर चालतात. लिनक्सला ती शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. संगणकांमधली बोलाचाली तारेवरून टिपून, तिचा अर्थ लावत लावत त्यांनी तो उभा केला. आज तो मोफत आहे आणि एका आज्ञेत येतो:

```
sudo apt install samba
sudo smbpasswd -a ghar
```

दुसरी आज्ञा सांबासाठी वेगळा पासवर्ड ठरवते. पायवर लॉगिन करण्याचा पासवर्ड इथे चालत नाही, आणि ‘पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेकदा हेच असते. मग `/etc/samba/smb.conf` या फाइलच्या शेवटी एवढेच जोडायचे:

```
[photo]
   path = /srv/ghar/photo
   read only = no
   valid users = ghar
   vfs objects = recycle
   recycle:repository = .kachara
   recycle:keeptree = yes
```

`testparm` ही आज्ञा फाइलमधल्या चुका दाखवते, आणि `sudo systemctl restart smbd` ने बदल लागू होतात. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी `\\gharpi.local\photo` लिहावे, मॅकवर `smb://gharpi.local/photo`. आयफोनच्या फाइल्स अॅपमध्ये 2019 पासून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ ची सोय आहे. अँड्रॉइडवर एसएमबी जाणणारा फाइल मॅनेजर घ्यावा लागतो. नाव ओळखले गेले नाही तर पायचा आयपी पत्ता टाकून पाहावा, आणि तो पत्ता राउटरमध्ये पायसाठी राखून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर बदलत नाही.

जुन्या मार्गदर्शिकांत ‘पासवर्ड नकोच, पाहुणा म्हणून सगळ्यांना येऊ द्या’ असा सल्ला सापडतो. तो आता निरुपयोगी होत चालला आहे. विंडोजच्या अनेक नव्या आवृत्त्या पाहुण्याच्या जोडणीला नकार देतात. एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती चालू करा असा सल्ला तर धोकादायकच. मे 2017 मध्ये जगभर रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने त्याच आवृत्तीतली त्रुटी वापरली होती.

वरच्या सात ओळींतल्या शेवटच्या तीन बहुतेक जण गाळतात, आणि नंतर हळहळतात. लॅपटॉपवरची फाइल पुसली की ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते. नेटवर्कवरच्या फोल्डरमधली फाइल पुसली की ती थेट जाते, कारण तिथे बिनच नसते. त्या तीन ओळी सांबाला सांगतात की पुसलेले काहीही `.kachara` नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, मूळ रचनेसह, हलवून ठेव. ते फोल्डर अधूनमधून हाताने रिकामे करावे लागते, नाहीतर डिस्क का भरली याचा पत्ता लागत नाही.

कॉपी झाली म्हणजे लिहिली गेली का?

लॅपटॉपवर कॉपीची पट्टी पूर्ण झाली, तेव्हा फाइल कुठे असते? पुष्कळदा पायच्या मेमरीत. लिनक्स आलेला मजकूर आधी मेमरीत घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या मांडणीत हा उशीर अर्ध्या मिनिटापर्यंत असू शकतो. त्या वेळात वीज गेली तर जर्नल नकाशा वाचवते, पण मेमरीतच राहिलेला मजकूर वाचवू शकत नाही. फाइलचे नाव दिसते आणि उघडल्यावर ती रिकामी किंवा अर्धवट निघते.

म्हणून पाय बंद करताना वायर ओढू नये, `sudo poweroff` द्यावे आणि हिरवा दिवा थांबल्यावर वीज काढावी. अचानक जाणाऱ्या विजेसाठी घरच्या इन्व्हर्टरची लाइन पुरते, फक्त एक गोष्ट तपासावी. अनेक इन्व्हर्टरना मागे एक बटण असते: एक बाजू पंखे-दिव्यांसाठी, दुसरी ‘यूपीएस’ ची. पहिल्यात बदली होताना क्षणभर खंड पडतो; पंख्याला तो जाणवत नाही, पण पाय तेवढ्यात पुन्हा सुरू होऊ शकतो. बटण यूपीएसवर ठेवले की हा खंड अगदी थोडा राहतो.

दुसरी प्रत

सर्व्हर झाला म्हणजे फोटो सुरक्षित झाले, हा गैरसमज या विषयात सर्वांत महाग पडतो. पूर्वी फोटो चार ठिकाणी विखुरलेले होते, आता ते एका डिस्कवर आहेत. ती पडली, तिच्यावर पाणी सांडले, किंवा लॅपटॉपमध्ये शिरलेल्या खंडणीखोर प्रोग्रॅमने नेटवर्कवरचे फोल्डरही कुलूपबंद केले, तर सगळे एकदम जाते. कारण ज्या लॅपटॉपला लिहिण्याची मुभा आहे, त्यातल्या घुसखोरालाही ती आपोआप मिळते.

त्यासाठी दुसरी, तेवढ्याच आकाराची डिस्क हवी, आणि ती एरवी जोडलेली नसावी. तीही ext4 करून घ्यावी, आठवड्यातून एकदा लावून `/mnt/dusri` वर जोडावी आणि मग हे चालवावे:

```
mountpoint -q /mnt/dusri && sudo rsync -a /srv/ghar/ /mnt/dusri/
```

`rsync` फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली नेते, त्यामुळे पहिली खेप काही तासांची असली तरी पुढच्या मिनिटांत संपतात. ओळीचा पहिला अर्धा भाग दुसरी डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते पाहतो. नसेल तर काही होत नाही, मेमरी कार्ड भरण्याचा मघाचा प्रकार टळतो. त्यात `--delete` घालण्याचा मोह टाळावा. तो शब्द मूळ डिस्कवर चुकून पुसलेले प्रतीमधूनही पुसतो. आणि दोन्ही डिस्क अडीच इंची असतील तर विजेचा हिशेब विसरू नये. दुसरी हबवरच लावावी.

खर्च आणि मर्यादा

पाय 4 आणि एक छोटी डिस्क मिळून साधारण सहा वॉट घेतात. वर्षभर अखंड चालवले तर सुमारे 53 युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तर 530 रुपये. हेच काम 50 वॉट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केले तर तो 438 युनिट घेईल. जुना डेस्कटॉप फुकट मिळाला तरी दोन-तीन वर्षांत त्याची वीज नव्या पायच्या किमतीपर्यंत पोहोचते.

मात्र हा सर्व्हर घराबाहेरून वापरायची हौस आली तर राउटरमध्ये एसएमबीचा 445 क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटसाठी उघडू नये. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. त्यासाठी वायरगार्डसारखे व्हीपीएन पायवरच बसवता येते, आणि मगच बाहेरून आत यावे. चार डिस्क एकत्र लावायच्या असतील, एक डिस्क मेली तरी काम थांबायला नको असेल किंवा दहा जणांचे कार्यालय त्यावर चालणार असेल, तर पाय आणि यूएसबी हबची जुळवाजुळव करू नये. तिथे याच कामासाठी बनवलेली तयार नास पेटीच घ्यावी. चार-पाच माणसांच्या घरासाठी पाय 4, साडेतीन इंची डिस्क, चांगला अॅडॉप्टर, आणि कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क एवढे पुरेसे आहे. पैसे कमी पडत असतील तर बोर्ड जुना घ्यावा, दुसरी डिस्क गाळू नये.